क्रीम, ऑफ व्हाइट की प्युअर व्हाइट? रंग घ्यायच्या आधी या चुका टाळा

दिवाळी जवळ आली की फोन सुरू होतात. "भाऊ, हॉलला क्रीम बरा दिसंल का ऑफ व्हाइट?" आणि सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर शेड कार्डचा फोटो. आता फोटोवरून हे कोणालाच सांगता येत नाही, रंगाच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसालाही नाही, कारण या तिन्ही रंगांतला फरक मुळात चिमूटभर आहे. पांढरा बेस एकच असतो, त्यातला पांढरेपणा टिटॅनियम डायऑक्साइडचा. त्यात पिवळा जरा मोकळ्या हातानं पडला की क्रीम होतो. पिवळा, काळा, लाल यातलं काहीतरी अगदी किंचित पडलं की ऑफ व्हाइट, आणि काहीच नाही टाकलं की प्युअर व्हाइट. डब्यात एवढासाच असलेला हा फरक भिंतीवर गेल्यावर केवढा होईल हे तुमच्या खोलीतला उजेड आणि फरशी ठरवते, आणि नेमकं तेच कोणी पाहत नाही.

चुक पहिली: दुकानात उभं राहून क्रीम फायनल करणं

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो आणि सगळ्यात महागात हीच पडते.

नागपूरच्या मनीषनगरकडचा एक टू बीएचके फ्लॅट. हॉल साधारण 12 बाय 15, बाल्कनी पश्चिमेला, खाली आयव्हरी रंगाच्या व्हिट्रिफाइड टाइल्स, वर नवीन फॉल्स सीलिंग आणि त्याच्या कडेनं आत लपवलेली वॉर्म, म्हणजे पिवळसर लाइटची पट्टी. घरातल्या दादांनी दुकानात शेड कार्डावर बोटाएवढी क्रीमची पट्टी पाहिली, दुकानातल्या ट्यूबच्या पांढऱ्याझक उजेडात ती जवळजवळ पांढरीच दिसली, म्हणून म्हणाले द्या हाच. पेंटरला घाई, घरच्यांना त्याच्याहून जास्त घाई, सॅम्पल लावून पाहायला कोणाला टाइमच नाही. चारही भिंतींना दोन हात मारून झाले, सामान लागलं, संध्याकाळी पट्टीचा लाइट लावला आणि काकू हॉलच्या मधात उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, हे तर भिंतीला बेसन फासल्यासारखं दिसून राहिलं." मला फोन तेव्हा आला.

गेलो तेव्हा दादा दुकानदारावर भडकलेले, म्हणे शेड चुकीची दिली. शेड बरोबर होती. मी ए-फोरचा कोरा कागद मागितला आणि भिंतीला टेकवला. हॉलच्या मधल्या भागात भिंत पिवळी दिसत होती, पण कोपऱ्यात, जिथे दोन भिंती मिळतात, तिथे कागद धरला तर भिंत कितीतरी जास्त पिवळी. रंग तोच, डबा तोच. मग पट्टी बंद करून बेडरूममधली साधी पांढरी ट्यूब आणून लावली, तर पिवळेपणा बराच उतरला.

याचं कारण समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. क्रीम भिंत उजेडातला निळा भाग थोडा गिळते आणि बाकीचा परत फेकते. समजा पिवळा-लाल भाग 80 टक्के परत आला आणि निळा 60 टक्के. तो उजेड समोरच्या भिंतीवर जातो, तीही क्रीम, ती पुन्हा तेच करते. आता पिवळा उरला 64 आणि निळा फक्त 36. प्रत्येक उडीला निळा कमी होत जातो, म्हणून चार क्रीम भिंतींच्या आत क्रीम हा शेड कार्डावरच्या पट्टीपेक्षा गडद दिसणारच, आणि कोपऱ्यात सगळ्यात जास्त. त्यात वॉर्म पट्टी म्हणजे 3000 केल्विनची, तिच्यात निळा आधीच कमी, खाली टाइलही पिवळसर. सगळं एकाच बाजूला ओढून राहिलं होतं.

उपाय काय केला? आधी पट्टी बदलून 4000 केल्विनची घेतली, ज्याला दुकानात नॅचरल व्हाइट म्हणतात. तेवढ्यानं अर्धं काम झालं. मग रंग. दादा रागात म्हणत होते की आता प्युअर व्हाइटच मारून टाका, मी नाही म्हटलं. आयव्हरी टाइलच्या बाजूला प्युअर व्हाइट भिंत आली की टाइल मळकी दिसते, रोज पोछा मारूनही. आम्ही त्याच पिवळ्या घराण्यातली पण खूप हलकी ऑफ व्हाइट घेतली, कार्डाच्या पट्टीवर सगळ्यात वर असते ती. जुना क्रीम हलकाच होता म्हणून दोन हातांत झाकला गेला. आता दिवसा ती भिंत पांढरी वाटते आणि रात्री किंचित क्रीमकडे जाते. जे त्यांना पहिल्यापासून पाहिजे होतं ते हेच. पण चार भिंतींचा रंग आणि मजुरी दोनदा गेली.

म्हणून माझी सवय सांगतो. जो क्रीम आवडला असेल त्याच्याहून एक-दोन पायऱ्या हलका घ्या. अन् सॅम्पल भिंतीवर मारू नका, जुन्या गुलाबी किंवा हिरव्या भिंतीच्या मधात मारलेला पांढरा चौकोन डोळ्याला फसवतेच. जाड माउंट बोर्डाचे दोन तुकडे घ्या, दोन बाय दोन फुटांचे, प्रायमर आणि दोन हात मारून पूर्ण वाळू द्या (ओला इमल्शन वाळल्यावर सहसा थोडा गडद होतो) आणि दोन्ही तुकडे कोपऱ्यात एकमेकांना लावून काटकोनात उभे करा. सकाळी पाहा, दुपारी पाहा आणि रात्री घरातले नेहमीचेच लाइट लावून पाहा. एक दिवस जातो. ज्याला एक दिवस थांबवत नाही त्यानं मला फोन करू नये, असं मी आता तोंडावर सांगतो.

चुक दुसरी: ऑक्टोबरात रंग निवडणं आणि मे विसरणं

हे खास आपल्या नागपूरचं. रंगकाम आपण पाऊस गेल्यावर काढतो, तेव्हा ऊन मऊ असतं, खिडक्या उघड्या असतात. पण एप्रिल-मे मध्ये हेच घर कसं राहते ते आठवा. दहा वाजले की खिडक्या बंद, पडदे ओढलेले, बाल्कनीला हिरवी नेट, खिडकीत कूलर. म्हणजे दिवसाढवळ्या घरात उजेड असतो तो एकतर ट्यूबचा नाहीतर हिरव्या नेटमधून गाळून आलेला.

प्युअर व्हाइट भिंतीला स्वतःचा रंग नसतो, जो उजेड पडंल तो ती तसाच दाखवते. हिरवी नेट लागली की भिंत हिरवट. समोरच्या बिल्डिंगला विटकरी रंग असंल आणि त्यावर ऊन पडलं तर तुमच्या भिंतीवर गुलाबीसर झाक. उत्तरेकडच्या बेडरूममध्ये बहुतेक वेळ सरळ ऊन नसते, फक्त आकाशाचा उजेड, तो निळसर, त्यात 6500 केल्विनची ट्यूब, की मग पांढरी भिंत थंड आणि करडी दिसते. लोक म्हणतात रंग हलक्या दर्जाचा निघाला. रंग ठीक आहे, त्या खोलीत जरा पिवळ्याची ऊब असलेला ऑफ व्हाइट पाहिजे होता. उलट पश्चिमेच्या हॉलमध्ये मे महिन्यात चार वाजताचं तिरपं ऊन प्युअर व्हाइटवर पडलं की डोळे मिचकवावे लागतात, तिथे हलका क्रीम किंवा ऑफ व्हाइट डोळ्याला निवांत वाटतो.

तर सॅम्पलचे बोर्ड लावाल तेव्हा एकदा पडदे ओढून, नेट खाली सोडून, ट्यूब लावूनही पाहाच. वर्षाचे दोन-अडीच महिने तुम्ही ती भिंत तशीच पाहणार आहात.

मग प्युअर व्हाइट कुठे चालतो? जिथे उजेड भरपूर पण सरळ ऊन नाही, फरशी पांढरी किंवा स्वच्छ करड्या रंगाची आहे आणि लाइट 4000 च्या आसपास आहेत तिथे तो फार सुंदर दिसतो. भिंत क्रीम नसंल तर सीलिंगला मी जवळजवळ नेहमी तोच देतो.

चुक तिसरी: ऑफ व्हाइट म्हणजे एकच रंग समजणं

ऑफ व्हाइट म्हणून जे विकल्या जातं त्यात कोणी पिवळ्याकडे झुकतो, कोणी गुलाबीकडे, कोणी हिरव्याकडे, कोणी करड्याकडे. एकटा पाहिला तर झुकाव कळतच नाही. दोन-तीन ऑफ व्हाइट शेजारी ठेवा, खाली कोरा कागद ठेवा, लगेच दिसते.

आणि मग तो कोरा कागद फरशीवर ठेवून फरशीचा झुकावही पाहा, हे महत्त्वाचं. महाल, धरमपेठच्या जुन्या घरांत कोटा फरशी असते, हिरवट-करडी. तिच्यावर गुलाबी झाकेचा ऑफ व्हाइट मारला की भिंत चक्क गुलाबी दिसते, कारण डोळा हिरव्याच्या बाजूचा गुलाबी वाढवून पाहतो. कोट्यावर मी करड्याकडे झुकणारा घेतो. फरशी बदलत नाही, लाइट बदलू शकतात, रंग तर सगळ्यात सोपा, म्हणून निवडतानाही आधी फरशी, मग लाइट आणि शेवटी रंग. लोक बरोबर उलटं करतात आणि मग टाइलला दोष देतात.

बाकीच्या, थोडक्यात

क्रीम भिंतीवर झगझगीत पांढरं सीलिंग आणि पांढरे स्विचबोर्ड आले की क्रीम आणखी पिवळा दिसतो. सीलिंगच्या पांढऱ्यात भिंतीच्या रंगाचा थोडा अंश टाकून घ्या.

दरवाज्यांना पांढरा ऑइल पेंट मारून तो पांढराच राहील अशी आशा ठेवू नका. तो पिवळा पडतो, आणि अंधारात, कपाटाच्या मागे वगैरे, जास्त पडतो. पाण्याचा इनॅमल घ्या.

पेंटर "मी स्टेनर टाकून हातानं बनवून देतो, स्वस्तात होते" म्हणाला तर नाही म्हणा. गडद रंगात एखादवेळ खपून जाईल, पांढऱ्यात दोन थेंब इकडेतिकडे झाले तरी दोन बादल्यांचा फरक भिंतीवर दिसते. दुकानातल्या मशीनवरच बनवून घ्या, सगळा रंग एकाच वेळी घ्या आणि एकाच शेडचे सगळे डबे मोठ्या ड्रममध्ये एकत्र करून मगच मारायला सुरुवात करा.

झाकणावरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, त्यात शेड कोड, बेस आणि बॅच असते. एक लिटर रंग घट्ट झाकण लावून सावलीत ठेवा. कूलरच्या खिडकीजवळची भिंत सगळ्यात आधी खराब होणार आणि तिथे टचअप करताना पूर्ण भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मारा. मधातच ठिगळ मारलं तर पांढऱ्यावर ते लपत नाही.