पहाटेचा अँजायना आणि ‘नॉर्मल’ अँजिओ

मेडिसिनला नवीन लागलेल्यांसाठी लिहितोय. व्हॅसोस्पास्टिक अँजायना पुस्तकात अर्ध्या पानाचा असतो. पहिल्या वर्षी आमच्या युनिटला त्यानेच घाम फोडला.

पेशंट ४६ वर्षांचा, रोज पाकीटभर सिगारेट. दिवसा जिने बिनदिक्कत चढायचा, पण पहाटे चारला छाती आवळून जाग यायची. दहा मिनिटांत सगळं शांत. सकाळी ओपीडीत येईपर्यंत ईसीजी स्वच्छ, ट्रोपोनिन नॉर्मल, दुपारची स्ट्रेस टेस्टही नॉर्मल. बाहेर अँजिओ झालेली, तीही नॉर्मल. मग ‘टेन्शन आहे’ म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू, आणि दुखणं वाढलेलं.

खरी मेख अँजिओत आहे. मनगटातून अँजिओ करताना धमनी आवळू नये म्हणून बहुतेक ठिकाणी नायट्रोग्लिसरीन देतात, कधी सोबत व्हेरापामिलही. त्याचा अंश कोरोनरीपर्यंत पोहोचतोच. म्हणजे स्पॅझम सोडवून मग फोटो काढायचा आणि म्हणायचं, स्पॅझम नाही! शिवाय तपासणी सकाळी अकराला, दुखणं पहाटे चारला. तेव्हा नॉर्मल अँजिओचा अर्थ एवढाच की मोठा, कायमचा ब्लॉक नाही. ‘हृदयाचं काही नाही’ असा तो नाही. प्रोप्रॅनोलॉलने बीटा-२ मुळे होणारं प्रसरण थांबतं, अल्फाचं आकुंचन मोकाट सुटतं.

निदान लागलं ते रात्रपाळीच्या सिस्टरमुळे. दुखत असतानाच त्यांनी ईसीजी काढला: २, ३, एव्हीएफमध्ये एसटी वर. जिभेखाली सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम, पाच मिनिटांनी दुसरा ईसीजी, एसटी बेसलाइनवर. दोन्ही पट्ट्यांवर वेळ लिहून लगेच फोटो काढा, थर्मल कागद फिका पडतो. फक्त सॉर्बिट्रेटने बरं वाटलं यावर निदान ठोकू नका. अन्ननलिकेचा स्पॅझमही त्याने सुटतो. आणि एसटी खाली आली नाही तर स्पॅझमचं कौतुक करत बसू नका, तो हार्ट अटॅक समजून कॅथलॅबला फोन करा.

ईसीजी सापडलाच नाही, तर कोरोनरीत ॲसिटिलकोलिन देऊन स्पॅझम मुद्दाम घडवून बघतात. ते अनुभवी हातांचं काम आहे, आधी कॅल्शियम ब्लॉकर आणि नायट्रेट बंद ठेवावे लागतात. रेसिडेंटने उत्साहात सुचवायची टेस्ट नव्हे.

औषधं घाबरण्यासारखी नाहीत. प्रोप्रॅनोलॉल बंद, सिगारेट बंद, डिल्टियाझेम एसआर ९० दोन वेळा, त्यातला दुसरा डोस झोपताना, म्हणजे पहाट झाकली जाते. नाडी मंद किंवा पंप कमजोर असेल तर डिल्टियाझेम नको; पंप कमजोर असताना अॅम्लोडिपिन बरं. तरी दुखलं तर लाँग-ॲक्टिंग नायट्रेट किंवा निकोरँडिल जोडतात. आमच्या पेशंटची पहाट आठवड्यात शांत झाली. बरं वाटतंय म्हणून डिल्टियाझेम एकदम बंद करू नको, हे त्याला आणि बायकोला दोघांनाही सांगितलं. अचानक सोडलं की स्पॅझम उसळून येऊ शकतो.