लेण्यातलं वटवाघूळ फळखाऊ की कीटकखाऊ? फोटोवरून कसं ओळखावं

भेर्ली माडाच्या झावळीखाली लटकलेलं, कानाला पांढरी किनार असलेलं वटवाघूळ किंवा मोठ्या झाडावर उघड्यावर लटकलेला थवा ओळखायला फारसा त्रास होत नाही. ती फळखाऊच. नवखे फसतात ते कान्हेरीसारख्या लेण्यांतल्या फोटोंत. ‘गुहेत आहे म्हणजे किडे खाणारं’ हा समज चुकीचा आहे, कारण रूसेटस हे फळखाऊ वटवाघूळ गुहेतच राहतं. ‘डोळे मोठे, तोंड कुत्र्यासारखं म्हणजे फळखाऊ’ हेही पुरेसं नाही. टॅफोझोअस हे कीटकखाऊ आहे, पण त्याचेही डोळे मोठे आणि नाक साधं असतं.

समजा, दगडी भिंतीवर सहा-सात तपकिरी वटवाघळं आहेत असा फोटो समोर आला. आधी तो न फिरवता पाहा, कारण बसण्याची ढब उलट्या फोटोत कळत नाही. टॅफोझोअस पोट दगडाला टेकवून, अंगठे आणि मनगटं रोवून, डोकं खाली करून चिकटतं. रूसेटस छताला पायांनी मोकळं लटकतं. मात्र तिरप्या छतावर ही ढब फसवते, तेव्हा फक्त तिच्यावर निर्णय देऊ नका.

आता फोटो १८० अंशांत फिरवा आणि कान मोठा करून पाहा. कानाच्या भोकासमोर छोटी उभी पाळी दिसली, तर ते कीटकखाऊ. तिला ट्रॅगस म्हणतात. फळखाऊंच्या कानाची कड मात्र नरसाळ्यासारखी खालीही जुळलेली असते आणि आत पाळी नसते. पण पाळी नाही म्हणून लगेच फळखाऊ लिहू नका: नालनाक्या वटवाघळांनाही ती नसते, आणि ती कीटकखाऊ असतात. त्यांच्या नाकावर पानासारख्या घड्या असतात, त्यावरून ती सुटी पडतात.

मग पंख. मिटलेल्या पंखावर अंगठ्याचं नख सगळ्यांनाच असतं. मुंबईत दिसणाऱ्या फळखाऊंना दुसऱ्या बोटावरही बारीक नख असतं, कीटकखाऊंना नसतं. फोटोत हे नख अनेकदा पंखाच्या घडीत लपतं. त्यामुळे दिसलं तर पक्का पुरावा, न दिसलं तर काहीच सिद्ध होत नाही.

आपल्या फोटोत पाठ कॅमेऱ्याकडे आहे, म्हणून शेपूट पाहता येते. मागच्या पायांमधल्या पडद्याच्या मध्यातून, वरच्या बाजूने शेपटीचं टोक बाहेर आलेलं असेल तर ते टॅफोझोअस. रूसेटसची शेपूट आखूड असते आणि तिथला पडदाही अरुंद असतो.

फोटोत जमीन आली असेल तर विष्ठाही बघा. फळखाऊंची ओली, पसरलेली, बियांची असते. कीटकखाऊंच्या लेंड्या कोरड्या, सहज कुस्करल्या जाणाऱ्या, किड्यांच्या कवचांनी चमकणाऱ्या. एकाच लेण्यात दोघं राहू शकतात, म्हणून हा पुरावा शेवटचा.

कान, नाक, शेपूट काहीच स्पष्ट नसेल तर नोंद ‘वटवाघूळ’ एवढीच ठेवा. जास्त स्पष्ट फोटोसाठी फ्लॅश मारत जवळ जाऊ नका. पिल्लं अंगाला चिकटलेली असताना माद्या उडाल्या तर पिल्लू खाली पडू शकतं.