प्री-बिड क्वेरीचं रजिस्टर: क्वेरीनुसार नाही, क्लॉजनुसार

पाइपलाइनच्या एका टेंडरला आम्ही प्री-बिड मीटिंगमधल्या क्वेऱ्या एक्सेलमध्ये क्वेरी नंबरने लिहायचो, एक क्वेरी एक ओळ, समोर उत्तर. दोष दायित्व कालावधी जनरल कंडिशनमध्ये २४ महिने आणि स्पेशल कंडिशनमध्ये ६० महिने होता, आम्ही विचारलं फक्त जनरलच्या क्लॉजबद्दल. सगळ्या क्वेऱ्यांच्या लेखी उत्तरांचा कॉमन सेट ऑफ डेव्हिएशन आला, त्यात उत्तर, "टेंडर अटींप्रमाणे". आम्ही ओळ हिरवी करून २४ धरून रेट काढला, पण अग्रक्रमाच्या कलमात स्पेशल कंडिशन वर होती, म्हणजे खरे ६०! सबमिशनच्या आदल्या रात्री लक्षात आलं आणि रेट परत बसवले.

मग रजिस्टरच उलटं केलं. आता ओळ क्लॉजची असते, एका क्वेरीने तीन क्लॉज हलत असतील तर तीन ओळी, प्रत्येकीत व्हॉल्यूम, पान, क्लॉजचे मूळ शब्द आणि उत्तर जसंच्या तसं. स्टेटस चारच: बदल, खुलासा, जैसे थे, उत्तर नाही. "टेंडर अटींप्रमाणे" आलं की जैसे थे, म्हणजे शंका तशीच आहे, तिथे कडक अट धरूनच रेट लावायचा.

मीटिंगमध्ये साहेब तोंडी "हो, चालेल" म्हणाले तरी ते वेगळ्या कॉलममध्ये जातं, लेखी उत्तर पोर्टलवर येईपर्यंत त्यावर एक रुपयाही कमी करत नाही. नंतरचं शुद्धिपत्रक आलं तर जुनं उत्तर पुसत नाही, खाली तारखेसह नवी ओळ टाकतो.