मेकॅनिकलमधून डेटा सायन्सकडे: एसओपीतल्या या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की आमच्या कॉलेजच्या ज्युनिअर मुलामुलींचे एसओपी, म्हणजे मास्टर्सच्या अर्जासोबत हा विषय का शिकायचा हे सांगणारं पत्र, माझ्याकडे यायला लागतात. मी स्वतः मेकॅनिकल केलं, दोन वर्षं मशीन शॉपमध्ये काढली आणि मग डेटा सायन्सचं मास्टर्स केलं, म्हणून मला विचारतात. मी आनंदाने वाचते. पण त्याच त्या चुका इतक्या वेळा दुरुस्त केल्या आहेत की आता एकदा नीट लिहून ठेवते.

सुरुवातीला एक छोटी गोष्ट. पहिल्या परिच्छेदात डेटाचं महत्त्व सांगू नका. वाचणारा प्राध्यापक तोच विषय शिकवतो. लहानपणापासून आकड्यांची आवड होती हेही नको. तो परिच्छेद काढून टाका आणि दुसऱ्या परिच्छेदापासून वाचून बघा. बहुतेक वेळा खरा एसओपी तिथेच सुरू झालेला असतो.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक. चार वर्षांचं मेकॅनिकल आणि त्यानंतरची नोकरी लोक एका वाक्यात संपवतात, आणि तेही माफी मागितल्यासारखं. "मी मेकॅनिकलला प्रवेश घेतला, पण माझा खरा कल वेगळा होता." झालं. पुढचं पानभर पायथन, ऑनलाइन कोर्स आणि सर्टिफिकेटं. अशाने तुमची तुलना थेट कॉम्प्युटरच्या मुलांशी होते आणि त्या तुलनेत तुम्ही मागेच पडणार, कारण तुमच्याकडे असलेली आणि त्यांच्याकडे नसलेली एकमेव गोष्ट तुम्हीच खोडून टाकलेली असते.

दोन वर्षांपूर्वी एका मुलीचा ड्राफ्ट आला. चाकणच्या एका कारखान्यात ती क्वालिटी विभागात होती. नोकरीबद्दल तिने दीड ओळ लिहिली होती: तपासणीचं रोजचं काम केलं, ते एकसुरी वाटलं, म्हणून डेटा सायन्सकडे वळले. मी तिला फोन केला आणि म्हटलं, एसओपी बाजूला ठेव, त्या नोकरीत तुला सगळ्यात जास्त डोकं कुठे लावावं लागलं ते सांग. थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने बोअरची गोष्ट सांगितली.

एका हाउसिंगच्या बोअरचं रिजेक्शन रात्रपाळीत वाढलं होतं. सगळ्यांचा संशय मशीनवर. तिने गेज आर अँड आर, म्हणजे मोजणीच किती भरवशाची आहे हे तपासणारी चाचणी, लावली: 10 जॉब, 3 ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक जॉब 3 वेळा मोजायचा, म्हणजे 90 रीडिंग. मोजणीतल्या फरकाचा आकडा 34 टक्के आला. ऑटोमोबाइल उद्योगात जो संकेत पाळतात त्यानुसार 10 टक्क्यांच्या आत असेल तर मोजणी चांगली आणि 30 च्या वर गेली तर ती पद्धतच वापरायची नाही. म्हणजे दिसणारा फरक सगळा जॉबमधला नव्हता, त्यातला काही मोजण्यातून येत होता. तिने तिघांना उभं राहून मोजताना पाहिलं. बोअर गेज आत घातल्यावर तो पुढेमागे झुलवून काटा जिथे उलट फिरतो ते सगळ्यात कमी रीडिंग घ्यायचं असतं. एक ऑपरेटर गेज नुसता घालून वाचत होता, त्यामुळे त्याचं रीडिंग दरवेळी जास्त यायचं. त्याला पद्धत दाखवल्यावर पुढच्या आठवड्यात रात्रपाळीचं रिजेक्शन खाली आलं. मशीनला हात लावायची गरज पडली नाही.

मी तिला म्हटलं, अगं, हेच लिही की. फरकाचे भाग पाडून जॉबचा किती, माणसाचा किती आणि उपकरणाचा किती हे वेगळं काढणं हे संख्याशास्त्रच आहे. पुढे वर्गात व्हेरियन्स कंपोनंट्स म्हणून तेच शिकवतील. शिवाय मॉडेल लावण्याआधी आकडा आला कुठून हे विचारण्याची सवय त्यातून दिसते, आणि ती कुठल्याही सर्टिफिकेटातून दिसत नाही. तिने तो प्रसंग दहा ओळींत मांडला आणि शेवटी एक वाक्य जोडलं: 90 रीडिंग हाताने तपासता आली, पण लाइनवरच्या सगळ्या मशीनचा डेटा असा तपासायचा तर जी पद्धत लागते ती मला येत नाही, ती शिकायला यायचं आहे. क्षेत्र बदलण्याचं कारण इतकं नेमकं हवं. "मेकॅनिकलला स्कोप नाही" हे कारण नव्हे.

नोकरी केली नसेल तर कॉलेजातलं शोधा, पण प्रामाणिकपणे. एफईएमच्या पेपरला तीन स्प्रिंगांची स्टिफनेस मॅट्रिक्स हाताने जुळवली असेल आणि सीमा-अटी घातल्याशिवाय ती का सुटत नाही हे कळलं असेल, तर तुम्ही लिनिअर अल्जिब्रा वापरली आहे, तसं लिहा. सॉफ्टवेअरमध्ये मेश टाकून रंगीत चित्र काढलं असेल तर ते लिनिअर अल्जिब्रा म्हणून खपवू नका.

दुसरी चूक मला अक्षरशः झोप लागू देत नाही, कारण ती मी एकदा वाचूनही सोडून दिली होती. प्रोजेक्टच्या अचूकतेचा आकडा.

मेकॅनिकलची मुलं हमखास मशीन बिघाडाचा अंदाज हा प्रोजेक्ट घेतात, आणि त्यासाठी बऱ्याचदा AI4I 2020 हा खुला डेटासेट वापरतात. त्यात 10,000 ओळी आहेत: हवेचं तापमान, प्रक्रियेचं तापमान, आरपीएम, टॉर्क, टूल वेअर आणि शेवटी बिघाड झाला की नाही. एका मुलाने 99.9 टक्के अचूकता लिहिली होती. मी घाईत होते, भाषा सुधारली आणि ड्राफ्ट परत पाठवला. पुढे एका विद्यापीठाने व्हिडिओ मुलाखत घेतली आणि पहिलाच प्रश्न आला: मॉडेलला कोणते कॉलम दिले? त्याने सगळे दिले होते. त्यात `TWF`, `HDF`, `PWF`, `OSF`, `RNF` हे पाच कॉलमही होते, आणि ते बिघाड कोणत्या प्रकारचा होता हे सांगतात. उत्तरपत्रिका समोर ठेवून पेपर सोडवल्यासारखं झालं ते. पुढची मुलाखत त्याला सावरता आली नाही. तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की मी आधी कॉलमची यादी मागते.

गेल्या वर्षीचा मुलगा त्या पाच कॉलमच्या बाबतीत सावध होता. त्याने 97 टक्के लिहिलं होतं. मी विचारलं, 10,000 पैकी बिघाड किती? त्याने कधी मोजलंच नव्हतं. ते 339 आहेत. म्हणजे काहीही न शिकता प्रत्येक ओळीला "बिघाड नाही" म्हणत गेलं तरी 96.61 टक्के उत्तरं बरोबर येतात. त्याच्या महिन्याभराच्या मेहनतीची कमाई अर्धा टक्कासुद्धा नव्हती. मग आम्ही चाचणीच्या 2,000 ओळी उघडल्या. त्यात 68 बिघाड होते. मॉडेलने 21 पकडले, 47 सोडले आणि 13 वेळा खोटा इशारा दिला. कारखान्यात हे मॉडेल लावलं असतं तर तीनपैकी दोन बिघाड निसटले असते.

तो खचला. मी म्हटलं, तू मेकॅनिकलचा आहेस, कॉलमकडे तसं बघ. टॉर्क आणि आरपीएम शेजारी शेजारी बसलेत, तुला काय दिसतं? पॉवर, तो म्हणाला.

```
power = torque * rpm * 2 * 3.1416 / 60
```

65 न्यूटन-मीटर आणि 1,400 आरपीएम हे आकडे सुटे सुटे बघितले तर कशातच वावगं वाटत नाही. गुणाकार केला की साधारण 9,530 वॉट येतात. या डेटासेटच्या वर्णनात स्पष्ट लिहिलंय की पॉवर 3,500 वॉटच्या खाली किंवा 9,000 च्या वर गेली की प्रक्रिया बिघडते. तसंच दोन तापमानांतला फरक 8.6 केल्व्हिनपेक्षा कमी आणि आरपीएम 1,380 च्या खाली असेल तर उष्णता बाहेर पडत नाही. त्याने पॉवर आणि तापमानाचा फरक असे दोन कॉलम वाढवले. त्याच 68 पैकी आता 52 पकडले गेले, खोटे इशारे 14. अचूकता मात्र 97 वरून 98.5 एवढीच झाली. किती कमी सांगतो हा आकडा, ते इथे दिसतं.

हे एसओपीत कसं जावं यावर आम्ही एक संध्याकाळ घालवली. माझा आग्रह दोन गोष्टींचा होता. एक, हा डेटा कृत्रिमरीत्या तयार केलेला आहे आणि बिघाडाचे नियम वर्णनातच दिलेत हे सांगायचं. शोध लावल्याचा आव आणायचा नाही. दोन, टक्केवारी न देता "68 पैकी 21 वरून 52" असं लिहायचं. शेवटी त्याचा परिच्छेद सहा ओळींचा झाला: पहिला आकडा फसवा का होता, ते कसं लक्षात आलं, मशीनची जाण कुठे उपयोगी पडली आणि खऱ्या मशीनवर नियम असे लिहून दिलेले नसतात, तेव्हा काय करायचं हे आपल्याला अजून माहीत नाही. स्वतःची चूक लिहायला मुलं घाबरतात. मला तर चूक शोधून दुरुस्त केल्याची गोष्ट एसओपीतली सगळ्यात भक्कम जागा वाटते.

यातलं काहीही एका रात्रीत होत नाही. डेडलाइनच्या आदल्या दिवशी "ताई, फक्त इंग्लिश बघ" म्हणून आलेल्या ड्राफ्टवर मी आता काम करत नाही. निदान सहा आठवडे आधी या. कुणाचा तरी स्वीकारला गेलेला एसओपी मागून त्यात आपली नावं बसवायची हा रस्ताही माझ्याकडे बंद आहे. त्या माणसाचं कारण तुमचं कारण नसतं.

बाकीच्या चुका पटापट सांगते. कोर्सची यादी सीव्हीत जाऊ दे. एसओपीत एकच कोर्स घ्या आणि त्यातलं काय वापरलं ते लिहा. प्राध्यापकाचं नाव घालण्याआधी तो अजून तिथे आहे का हे विभागाच्या पानावर त्याच आठवड्यात बघा. बॅकलॉगचं स्पष्टीकरण दोन वाक्यांत, कुणालाही दोष न देता. शब्दमर्यादा प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते, ती ओलांडू नका.

जर्मनीला अर्ज करणाऱ्यांनी आणखी एक काम आधी करायचं. तिथले बरेच अभ्यासक्रम गणित आणि संगणकाचे ठरावीक क्रेडिट आहेत का हे मोजतात, आणि ते कमी पडले तर पत्र कितीही चांगलं असो, अर्ज तिथेच थांबतो. म्हणून प्रवेशाच्या अटी आणि आपली मार्कशीट शेजारी ठेवून विषयवार तक्ता करा. एम-थ्रीसारख्या नावावरून त्यात प्रॉबॅबिलिटी किती शिकवली हे बाहेरच्या माणसाला कळत नाही, तेव्हा विद्यापीठाचा अभ्यासक्रम काढून घटकांची नावं लिहा. हा तक्ता झाला की मग पत्राला बसा.