आयात केलेला एक नग दारात कितीला पडतो? न्हावाशेवा ते पुणे, एक पूर्ण हिशेब

माझ्याकडे हिशेबाला येणारे छोटे आयातदार बहुतेक वेळा एकच आकडा घेऊन येतात. "चीनमधून ९ डॉलरला मिळतंय, म्हणजे आठशेच्या आतच की." मग विक्रीची किंमत ठरते, ऑर्डर जाते, आणि माल गोदामात आल्यावर कळतं की नग हजाराच्या वर गेलाय. मधले अडीचशे रुपये कुठे गेले ते माल येण्याआधीच कागदावर कसं मांडायचं, ते एका उदाहरणातून दाखवतो.

माल आहे हाताने फिरवायचे कॉफी ग्राइंडर. ६०० नग, निंगबो बंदरावर एफओबी दर नगाला ९ डॉलर, म्हणजे एकूण ५,४०० डॉलर. एफओबी म्हणजे माल तिथल्या जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा, पुढचा सगळा आपला. पूर्ण कंटेनर भरेल इतका माल नाही, म्हणून तो इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये, एलसीएलने येणार. उतरणार न्हावाशेव्याला, गोदाम पुण्यात. खालचे दर उदाहरणासाठी धरलेले आहेत. पद्धत मात्र तीच राहते.

१. आधी सीबीएम काढा

एका खोक्यात २० नग, खोकं ५० × ४० × ४० सेंटीमीटरचं. म्हणजे ०.०८ घनमीटर, यालाच सीबीएम म्हणतात. ३० खोक्यांचे २.४ सीबीएम. एका भरल्या खोक्याचं वजन १८ किलो, एकूण ५४० किलो. एलसीएलमध्ये १ सीबीएम आणि १,००० किलो यांना सारखं धरतात आणि जे जास्त भरेल त्यावर बिल होतं. इथे २.४ विरुद्ध ०.५४, म्हणून बिल २.४ वर.

खोक्याची मापं ऑर्डरच्या आधी विक्रेत्याकडून लेखी मागा. "अंदाजे दोन सीबीएम" हे उत्तर घेऊ नका. खोक्याची प्रत्येक बाजू ५ सेंटीमीटरने वाढली तर तेच ३० खोके ३.३ सीबीएमच्या पुढे जातात.

२. भाडं स्वस्त दिसलं की थांबा

मी पहिल्यांदा एलसीएलचं कोटेशन हातात घेतलं तेव्हा समुद्रभाड्याच्या रकान्यात उणे चिन्ह होतं. फॉरवर्डर, म्हणजे मालाची वाहतूक ठरवून देणारा, आपल्यालाच पैसे देणार, असं वाटून मी खूश झालो. माल आल्यावर इकडच्या एजंटाचं बिल आलं आणि सगळा उलगडा झाला. चीनहून येणाऱ्या एलसीएलमध्ये भाडं नावापुरतं ठेवायचं आणि ती कसर उतरणाऱ्या बंदरावरच्या चार्जेसमध्ये भरून काढायची, ही रीतच आहे. त्या वेळी माल त्यांच्या ताब्यात असतो आणि डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे डीओ, मिळाल्याशिवाय तो सुटत नाही. घासाघीस करायला जागाच उरत नाही.

सीआयएफ दराने, म्हणजे भाडं आणि विमा विक्रेत्याने धरलेल्या दराने, माल घेतला की ही अडचण वाढते, कारण फॉरवर्डर विक्रेत्याने निवडलेला असतो आणि तुमच्याशी त्याचा काही करार नसतो. म्हणून एफओबी घ्या, फॉरवर्डर तुम्ही नेमा, आणि त्याच्याकडून भाड्यासोबत न्हावाशेव्याचे सगळे चार्जेस एकाच कागदावर घ्या: डीओ, टर्मिनल हाताळणी, डिकन्सॉलिडेशन म्हणजे कंटेनर उघडून प्रत्येकाचा माल वेगळा करणं, आणि प्रत्येकाचं किमान बिल किती सीबीएमचं. दोन फॉरवर्डरांची तुलना करायची ती या बेरजेची. नुसत्या भाड्याची तुलना केली तर महागडाच स्वस्त वाटतो.

आपल्या उदाहरणात भाडं सीबीएमला ४० डॉलर, एकूण ९६ डॉलर. विम्याचा हप्ता १,२०० रुपये.

३. ड्युटी कशावर लागते

ड्युटी बिलाच्या रकमेवर लागत नाही. ती लागते निर्धारणयोग्य मूल्यावर. सीएचए, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणारा आपला एजंट, त्याला एव्ही म्हणतो. एव्ही म्हणजे मालाची किंमत, भाडं आणि विमा यांची बेरीज, कस्टम्सने जाहीर केलेल्या विनिमय दराने रुपयांत. बँकेचा दर इथे चालत नाही. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचं कस्टम्सकडे द्यायचं विवरण, ज्या दिवशी भराल, त्या दिवशी लागू असलेला कस्टम्सचा दर लागतो. तो ८८ रुपये धरू.

माल ५,४०० × ८८ = ४,७५,२०० रुपये
भाडं ९६ × ८८ = ८,४४८ रुपये
विमा १,२०० रुपये
एव्ही = ४,८४,८४८ रुपये

जुन्या एक्सेल फाइलींमध्ये इथे १ टक्का "लँडिंग चार्जेस" असतात. ते २०१७ मध्येच गेले. तुमच्या फाइलमध्ये अजून असतील तर खोडा.

आता ड्युटी. आपल्या एचएस कोडवर मूळ सीमाशुल्क २० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के आहे असं धरू. प्रत्यक्षात कोड आणि दर सीएचएकडून लेखी घ्या. त्यावर अँटी-डंपिंग ड्युटी आहे का आणि बीआयएस प्रमाणपत्र लागतं का, हेही त्याच वेळी विचारा. प्रमाणपत्र लागत असेल आणि विक्रेत्याकडे ते नसेल, तर पुढचा हिशेब करण्यात अर्थच नाही.

मूळ शुल्क, ४,८४,८४८ च्या २० टक्के = ९६,९७० रुपये
समाज कल्याण अधिभार, मूळ शुल्काच्या १० टक्के = ९,६९७ रुपये
आयजीएसटी, एव्ही, मूळ शुल्क आणि अधिभार या तिघांच्या बेरजेवर म्हणजे ५,९१,५१५ वर १८ टक्के = १,०६,४७३ रुपये

अधिभार मूळ शुल्कावर लागतो, एव्हीवर नाही. बरेच जण २० आणि १० मिळून ३० टक्के धरतात; खरं ओझं २२ टक्क्यांचं आहे.

कस्टम्सला एकूण भरायचे २,१३,१४० रुपये. पण यातले १,०६,४७३ रुपये किमतीत धरायचे नाहीत. तुम्ही नियमित जीएसटी नोंदणीदार असाल, बिल ऑफ एंट्रीवर तुमचा जीएसटी क्रमांक बरोबर असेल आणि ती नोंद जीएसटीआर-२बी मध्ये आली असेल, तर आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. पैसे काही दिवस अडकतात, पण खर्च होत नाहीत. मूळ शुल्क आणि अधिभार मिळून १,०६,६६७ रुपये मात्र कायमचे गेले. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला क्रेडिट नाही, त्याने आयजीएसटी धरलाच पाहिजे: नगाला आणखी १७७ रुपये.

४. भाड्याचा कागद नसेल तर

ही जागा नीट बघा, कारण इथे पैसे उगाच जातात. भाडं किती दिलं याचा पुरावा नसेल, तर २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं धरलं जातं, आणि विम्याचा कागद नसेल तर १.१२५ टक्के विमा. आपल्या बाबतीत भाडं ८,४४८ ऐवजी ९५,०४० रुपये आणि विमा १,२०० ऐवजी ५,३४६ रुपये होईल. एव्ही ५,७५,५८६ वर जाईल. वाढलेल्या ९०,७३८ रुपयांवर २२ टक्के म्हणजे १९,९६२ रुपये जास्त, नगाला ३३ रुपये. फॉरवर्डरचं भाड्याचं बिल आणि विम्याचं सर्टिफिकेट सीएचएच्या हातात वेळेवर नाही, एवढंच कारण. सीएचए पाठवतो त्या चेकलिस्टमध्ये भाडं बरोबर २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के दिसला, तर मंजुरी देऊ नका, आधी कागद द्या. (विमानाने आलेल्या मालात प्रत्यक्ष भाडं कितीही असलं तरी एव्हीत ते एफओबीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात.)

५. इकडचा खर्च

आता बंदर ते गोदाम. रकमा जीएसटी सोडून:

फॉरवर्डरचे इकडचे चार्जेस आणि डीओ १४,००० रुपये
सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर उघडतात त्या बंदराजवळच्या गोदामात, हाताळणी व साठवण ६,००० रुपये
सीएचए ६,५०० रुपये
टेम्पो, पुण्यापर्यंत ९,००० रुपये
हमाली १,२०० रुपये
बँकेचे चार्जेस १,५०० रुपये

बेरीज ३८,२०० रुपये. दिसायला किरकोळ, पण नगाला ६४ रुपये झाले. आणि यातल्या बऱ्याच रकमा मालाच्या संख्येवर अवलंबून नसतात. ६०० ऐवजी ३०० नग मागवले तरी सीएचए साडेसहा हजारच घेणार. म्हणून छोटी ट्रायल ऑर्डर महाग पडते, आणि तिच्यावरून मोठ्या ऑर्डरचा दर काढणं चुकीचं.

उशीर झाला की हा रकाना फुगतो. बिल ऑफ एंट्री जहाज पोहोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते. उशिराला पहिले तीन दिवस दिवसाला ५,००० आणि पुढे दिवसाला १०,००० रुपये आकार आहे. सीएफएसचं साठवणभाडं वेगळंच.

६. बेरीज

विक्रेत्याला पैसे बँकेच्या दराने गेले, ८८.९० ने: ४,८०,०६० रुपये. फॉरवर्डरने भाडं स्वतःच्या दराने लावलं: ८,६५० रुपये. त्यामुळे एव्हीतले आकडे इथे पुन्हा वापरायचे नाहीत. एव्ही ड्युटीपुरती, आणि इथे खिशातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम.

माल ४,८०,०६०
भाडं ८,६५०
विमा १,२००
मूळ शुल्क व अधिभार १,०६,६६७
इकडचा खर्च ३८,२००
एकूण ६,३४,७७७ रुपये

६०० ने भागलं तर नग १,०५८ रुपयांना पडला. ९ गुणिले ८८ केलं असतं तर ७९२.

आता खोकी उघडा. १२ ग्राइंडरांचे दांडे वाकलेले निघाले, तर विकण्याजोगे ५८८. भागाकार ५८८ ने करा, म्हणजे १,०८० रुपये. विम्याचा दावा मंजूर होऊन पैसे आले तर तेव्हा वजा करता येतील.

एकाच खेपेत दोन वस्तू असतील तर

ग्राइंडरसोबत कागदी फिल्टर आणले असते, तर खर्च वाटायचा प्रश्न येतो. बिल ऑफ एंट्रीत भाडं साधारणपणे किमतीच्या प्रमाणात वाटलं जातं. तुमच्या हिशेबात तसं करू नका. फिल्टर स्वस्त पण जागा खाणारे. किमतीने वाटलं तर त्यांचं भाडं ग्राइंडरच्या माथी बसतं आणि फिल्टर खोटेच फायद्यात दिसतात. भाडं आणि इकडचे सीबीएमवर लागणारे चार्जेस सीबीएमने वाटा, विमा किमतीने, आणि ड्युटी बिल ऑफ एंट्रीत त्या वस्तूपुढे जेवढी दिसते तेवढी.

शीटमध्ये प्रत्येक ओळीला दोन रकाने ठेवा, ऑर्डरच्या दिवशीचा अंदाज आणि बिल आल्यावरची रक्कम. पुढच्या खेपेला फॉरवर्डरशी बोलायला बसाल तेव्हा १४,००० च्या ओळीत अंदाज किती होता, तो कागद समोर ठेवा.