होमस्टेची रील लिहिताना मी काय शिकले: आधी उशी, मग सूर्य

माझी पहिली होमस्टेची स्क्रिप्ट म्हणजे ढग, झाडं, वळणाचा रस्ता आणि शेवटी नाव. दिसायला छान होती पण खाली सगळे हेच विचारत होते की रूम कशी आहे, बाथरूम आत आहे का, जेवण तिथेच मिळतं का. ढग कुठलेही असू शकतात हो, माणसाला आपण तिथे उठल्यावर काय होईल ते बघायचं असतं.

म्हणून आता ३० सेकंदांत मी फक्त एक सकाळ लिहिते. पहिले ४ सेकंद मोबाईल उशीच्या उंचीवर, हात पडदा सरकवतो आणि समोर सूर्य, आवाजात फक्त "अजून पांघरुणातच आहे मी". हाच शॉट गच्चीवरून घेतला तर खोलीतून सूर्य दिसतो हे कळतच नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी तयार राहायचं, स्क्रीनवर आकाशावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करायचं, नाहीतर खिडकी पांढरीफटक होते. खोली थोडी काळोखी दिसेल, दिसू दे, पहाट तशीच असते. आणि सूर्य वर्षभर एकाच जागी उगवत नाही, त्यामुळे त्या खिडकीतून ठराविक महिन्यांतच दिसत असेल तर कॅप्शनमध्ये तसं लिहायचंच.

मग १० सेकंद नाश्ता. भरलेलं टेबल वरून नको, एकच ताट घ्या, वाढणारा हात आणि वाफ. वाफ दिसायला उजेड ताटाच्या मागून किंवा बाजूने हवा आणि मागे काहीतरी गडद हवं, समोरून लाइट मारला की ती गायबच होते. इथे २ सेकंद म्युझिक बंद, भांड्याचा खरा आवाज ठेवा.

पुढचे ११ सेकंद खोली, आणि लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात. दारातून आत चालत या, पलंग, उशीजवळचा चार्जिंग पॉइंट, बाथरूमचा नळ. ०.५ची वाइड लेन्स मी इथे वापरतच नाही, खोली दुप्पट मोठी दिसते आणि आलेला पाहुणा दारातच हिरमुसतो. दिवसा शूट असेल तर पिवळा बल्ब बंद करा, खिडकीच्या उजेडात मिसळला की चादरीचा रंग विचित्र येतो.

शेवटचे ५ सेकंद किती माणसं मावतात, नाश्ता धरलाय का, बुकिंग कसं करायचं. हा मजकूर स्क्रीनच्या मध्यावर ठेवा, खाली कॅप्शन आणि उजवीकडे बटणं येतात, त्यामागे तो लपतो.

व्हॉइसओव्हर साधारण ६० शब्दांचा. माझी एक स्क्रिप्ट ११० शब्दांची झाली होती, वाचताना धाप लागली, मग नळ आणि चार्जिंग पॉइंटची वाक्यंच काढून टाकली, कारण ते तर दिसतच होते.