बारशाची सजावट, भिंतीला हात न लावता

आमच्याकडे पहिलं बारसं झालं तेव्हा मी हॉलच्या भिंतीला दुहेरी चिकटपट्टीने फुगे आणि कागदी पंखे लावले होते. रात्री ते काढताना पट्टीबरोबर रंगाचे पोपडे निघाले. घर भाड्याचं होतं, त्यामुळे घर सोडताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले गेले. तेव्हापासून मी सजावटीत भिंत धरतच नाही. पडद्याचा दांडा, खिडकीचं ग्रिल आणि दारावरचा तोरणाचा खिळा एवढ्यावर घरगुती बारसं छान सजतं.

आधी पाळण्याची जागा ठरवा, कारण सगळे फोटो तिथेच निघतात. साधारण दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पाच फुटी खिडकीवर पडद्याचा दांडा असतो. पडदे काढून त्याच दांड्यावर दोन सुती साड्या सोडा. नऊवारी नको, साधी सहावारी घ्या. साडीचा पन्हा जेमतेम चार फुटांचा असतो, त्यामुळे दोन साड्यांत खिडकी झाकून थोड्या चुण्याही पडतात. लांबी मात्र अठरा फुटांच्या आसपास असते आणि दांडा सात फुटांवर. म्हणून पुढचा भाग जमिनीच्या चार बोटं वर राहील इतका सोडून उरलेली साडी दांड्यामागे टाका. तिचं खाली लोळणारं टोक वर दुमडून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवा. टाचण्या लावू नका. वजनाने साडी ताणली की तिथेच भोक मोठं होतं. पैठणी किंवा आईची जुनी रेशमी साडी यासाठी काढू नये असं मला मनापासून वाटतं. ती बाळंतिणीच्या अंगावरच शोभते.

खिडकीसमोर साडी लावताना हमखास होणारी चूक म्हणजे मागून येणारा उजेड. बारसं दिवसा असेल तर बाळ आणि आत्या फोटोत काळवंडतात. साड्यांच्या मागे आधी एक जाड, गडद चादर टांगा आणि समोरचा दिवा लावून मोबाइलवर एक फोटो काढून पाहा.

आता फुलं. दारावरच्या तीन फुटी तोरणाला मध्यम आकाराचे तीस-पस्तीस झेंडू आणि मधूनमधून आंब्याची पानं पुरतात. ते खिळ्याला बांधा. साड्यांपुढे माळ हवी असेल तर ती दांड्याच्या दोन टोकांना वेगळ्या दोऱ्याने बांधा आणि कापडापासून चार बोटं पुढे राहू द्या. ओला झेंडू कापडाला टेकला की पिवळा डाग पडतो. लावल्यावर पाणीही शिंपडू नका.

पाळण्यात आणि बाळाच्या तोंडावर काहीही लोंबतं ठेवू नका. फुलांबरोबर मुंग्या येतात आणि पाकळ्या गळतात. एखादी माळ बांधायचीच असेल तर स्टँडच्या बाहेरच्या पायांना गुंडाळा.

मला सगळ्यात आवडतो तो नावाचा भाग. एकेका अक्षराला सहा बाय आठ इंचांचा कार्डपेपर घ्या. अक्षर म्हणजे मात्रा-वेलांटीसकट पूर्ण अक्षर, म्हणजे ‘मीरा’ला दोनच कार्डं लागतील. वरची दीड इंच जागा मोकळी ठेवा, नाहीतर वेलांटी कापली जाते. कार्डं दोऱ्यात ओवून तो दोरा दांड्याच्या टोकांना बांधा, म्हणजे नाव साड्यांवर येईल. वरून एक हलकी ओढणी नुसत्या दोन चिमट्यांनी साडीला अडकवा. आत्याने बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं की दोन्ही चिमटे काढायचे. ओढणी खाली येते आणि नाव सगळ्यांसमोर येतं. पाळणा मात्र साड्यांपासून दोन-तीन फूट पुढे ठेवा, म्हणजे ओढणी त्यावर पडणार नाही.

भिंतीवर काही लावणं अगदी अटळच असेल तर आधी तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तिथे कुठलाच चिकट हुक टिकणार नाही. भुकटी नसेल तर जागा कोरड्या फडक्याने पुसा, काढता येणारा चिकट हुक अर्धा मिनिट दाबून धरा आणि तासाभराने हलकंच काही अडकवा. तो काढताना पट्टी भिंतीला समांतर, सरळ खाली हळू ताणायची. स्वतःकडे ओढली की पोपडा निघतो.

पाहुणे गेल्यावर आधी फुलं उतरवा, मग साड्या झटकून घडी घाला आणि पडदे परत लावा. नावाची कार्डं बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला त्याच दांड्यावर पुन्हा लावता येतात, म्हणून ती दोऱ्यासकट सपाट फाइलमध्ये ठेवा.